मुलांसाठी गोष्ट: समाधानचा दहावा शब्द (वाचून मत सांगाल का?)

भीमाकाठ

माझी वहिनी मंगळवेढा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते. वर्गाच्या भित्तिपत्रकासाठी तिने माझ्याकडे एक गोष्ट मागितली. विषय तिचाच: गावातल्या मुलाला इंग्रजी शब्द सापडतात. मी लिहिलंय, पण दोन ठिकाणी अडले आहे, म्हणून इथे टाकते.

*समाधान दुसरीत होता. शनिवारी शाळा सुटताना बाई म्हणाल्या, "सोमवारी प्रत्येकाने दहा इंग्रजी शब्द आणायचे. पुस्तकातले नकोत. घरातले, रानातले आणायचे."*

*समाधान घरी आला. आई भाकरी थापत होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं. परात, तवा, काथवट, चूल. यात इंग्रजी काहीच नव्हतं. पुस्तकातलं ॲपल त्यांच्या रानात पिकत नव्हतं.*

*रविवारी तो आबांबरोबर मक्याला पाणी द्यायला गेला. आबा विहिरीवर उभे होते. "लाईट आली का बघ रं," आबा म्हणाले. "फ्यूज गेला असंल. टार्टर उचलंना."*

*समाधानचे कान टवकारले. "आबा, टार्टर इंग्रजी आहे का?"*

*"काय म्हाईत," आबा म्हणाले. "आपल्या हिरीवर हाय, म्हंजी आपलाच."*

*समाधानने टार्टरच्या पेटीवर पाहिलं. तिथे इंग्रजी अक्षरं होती. बाईंनी शिकवलेली एस, टी, ए. त्याने वहीत लिहिलं: स्टार्टर. मग लिहिलं: लाईट, फ्यूज, मोटर. मग बटण. पाईप. वॉल. बांधावरून शेजारच्यांचा ट्रॅक्टर गेला. ट्रॅक्टर लिहिलं, टायर लिहिलं. नऊ झाले!*

*दहावा काही सापडेना. तो बांधावर बसला. एवढ्यात मक्यातून एक मुंगूस बाहेर आलं. मागच्या पायांवर उभं राहिलं, त्याच्याकडे बघितलं आणि सर्रकन पलीकडे गेलं.*

*सोमवारी त्याने नऊ शब्द वाचले. "दहावा?" बाईंनी विचारलं. समाधान म्हणाला, "दहावा न्हाय सापडला बाई. पर मुंगसाला इंग्रजीत काय म्हणत्यात?"*

*बाई हसल्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि वाचलं, "मंगूस."*

*सगळा वर्ग ओरडला, "बाई, हे तर आपलंच!"*

*"हो," बाई म्हणाल्या. "हा शब्द इथून तिकडे गेलाय."*

*संध्याकाळी समाधान पळत रानात गेला. "आबा, आबा! आपलं मुंगूस विलायतेला गेलंय!"*

*आबांनी वाफ्याचं दारं मोडलं, पाणी पुढच्या वाफ्यात सोडलं आणि म्हणाले, "तिकडं साप लई झालं असत्याल."*

आता माझे प्रश्न. मुंगूस आपल्याकडून गेलं हे मी कधीतरी ऐकलेलं आहे, पण मुलांना सांगायचं तर ते पक्कं हवं. आणि आबांचं "टार्टर", "हिरीवर" छापावं का? वहिनीला वाटतं छापावं, मुख्याध्यापकांना वाटतं नको.

पाऊलवाट

शेवटच्या ओळीला मोठ्याने हसलो. घरात दोनदा वाचून दाखवली.

काळीशार

गोष्ट आवडली, पण मी रोज मोटर चालू करणारा माणूस आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली. थ्री फेजचा एक फ्यूज गेला तर दोनच फेज राहतात. अशा वेळी मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही, आणि तशीच ठेवली तर कॉइल जळते. स्टार्टरचा रिले चांगला असेल तर तो आधीच ट्रिप होतो. म्हणजे आबा "उचलंना" म्हणतात ते बरोबर आहे, आमच्याकडेही हेच म्हणतात. पण आबांनी आधी लाईट तिन्ही फेजला आहे का ते बघितलं पाहिजे. आमच्या पेटीवर तीन छोटे दिवे असतात, लाल, पिवळा, निळा. एक दिवा नसला की डीपीकडे चालायचं. मुलाला हे तीन दिवे मोजायला लावा, छान वाटेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दुसरीतलं पोरगं स्टार्टरच्या पेटीपाशी जाऊन अक्षरं वाचतंय हे छापू नका. आमच्या भागात पेटीला करंट उतरल्याच्या घटना झालेल्या आहेत, पावसाळ्यात तर फारच. आबांनी त्याला बांधावर उभं करून "तिथनंच बघ" म्हणावं. पेटीचं झाकण उघडलं की आतली अक्षरं लांबूनही दिसतात, मोठी असतात.

आणि लाईटची पाळी विसरू नका. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ही गोष्ट दिवसपाळीच्या आठवड्यातली आहे, कारण मुंगूस दिवसाच फिरतं. रात्रपाळीला आबांना फार तर रानमांजर दिसलं असतं.

भीमाकाठ

@काळीशार, पेटीचं एकदम पटलं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही, मी विहिरीपासून लांब वाढले. बदलते. तीन दिवेही घेते.

निरंजन_द

मुंगूस मराठी आहे हेच मुळात चूक आहे. कन्नडमध्ये मुंगुसी म्हणतात, तेलुगूत मुंगिस. मंगळवेढ्यापासून कर्नाटकची हद्द किती लांब आहे? शब्द तिकडचा, आपण घेतला, इंग्रजांनीही तिकडूनच घेतला असणार. मुलांना "आपलंच" म्हणून सांगणं बरोबर नाही.

जुनी_वही

@निरंजन_द, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. कन्नड आणि तेलुगू रूपं खरी आहेत आणि ती मराठीच्या अगदी जवळची आहेत. दख्खनच्या या तीन भाषा शेजारी नांदल्या, त्यामुळे मुंगसाने आधी कुठल्या बांधावर बीळ केलं ते सांगणं अवघड आहे. मूळ द्राविडी असेल, हे मीही मानतो.

पण इंग्रजांनी तो कुठून घेतला हा वेगळा प्रश्न आहे. इंग्रजी शब्दकोश मंगूसच्या पुढे मराठीचं नाव लिहितात. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या शेवटाकडे दिसायला लागतो. तेव्हा कंपनीच्या वखारी सुरतेला आणि मुंबईला होत्या, साहेब पश्चिम किनाऱ्यावर राहत होते. नोकर-चाकर, हमाल, माळी जे नाव घेत होते, ते त्यांनी कानाने उचललं आणि जमेल तसं लिहिलं.

गंमत पुढे झाली. या शब्दाचा शेवट इंग्रज कानाला "गूस", म्हणजे हंस-बदकाच्या जातीतल्या पक्ष्याच्या नावासारखा वाटला, आणि स्पेलिंगही त्याच वळणाचं झालं. मुंगसाचा त्या पक्ष्याशी काडीचा संबंध नाही. त्या पक्ष्याचं अनेकवचन गीस होतं, मंगूसचं मात्र मंगूसेस होतं. मुलांना हे सांगाल तर त्यांना स्पेलिंग जन्मात विसरायला होणार नाही.

म्हणून बाईंचं वाक्य "हा शब्द इथून तिकडे गेलाय" हे जसंच्या तसं ठेवा. "इथून" खरं आहे. वर्ग "आपलंच" म्हणून ओरडतो, तेही ठेवा. पोरं असंच ओरडणार. बाईंनी मात्र "फक्त आपलं" म्हणू नये. विजापूरकडचं पोरगंही त्याच आनंदाने ओरडलं असतं.

निरंजन_द

"इथून" ठीक आहे, मान्य. पण मूळ मराठी म्हणायला मी अजून तयार नाही.

जुनी_वही

तेवढं मीही म्हणत नाही. :)

रोहिणी_क

माझी मुलगी यंदा पहिलीला इंग्रजी माध्यमात गेली. घरी आम्ही पूर्ण मराठी. पहिल्याच महिन्यात तिला वर्गात "पाणी" म्हणाली म्हणून बोलणी बसली. आता ती घरी गप्प असते. अशा गोष्टी वाचून तिचं इंग्रजी सुधारेल का? कुठून सुरुवात करू?

भीमाकाठ

@रोहिणी_क, वाचून वाईट वाटलं. माझी गोष्ट इंग्रजी शिकवण्यासाठी नाही, त्यामुळे सुधारेल असं खोटं नाही सांगणार. पण तुमच्या मुलीला समाधानसारखं घरातले शब्द शोधायला लावा. गॅस, कुकर, मिक्सर, फ्रीज, बेसिन, टॉवेल. स्वयंपाकघरात उभं राहून पाचेक मिनिटांत वीस निघतील. तिला बोलायला विषय मिळेल आणि यात चूक काढणारं कोणी नसेल.

रोहिणी_क

आज केलं. तिला तेवीस सापडले. "मम्मी, बशी इंग्रजी आहे का?" असं विचारलं. मला उत्तर येईना. पण बऱ्याच दिवसांनी एवढं बोलली.

सतीश_मास्तर

मी कोरडवाहू भागातल्या द्विशिक्षकी शाळेत आहे. काल धागा वाचला आणि आज दुसरी-तिसरीच्या एकत्र वर्गात गोष्ट वाचायला दिली. जे घडलं ते तसंच लिहितो.

मुलं पहिल्या परिच्छेदात कुठेच अडली नाहीत. अडली ती "स्टार्टर" वर. या एका शब्दात सुरुवातीला स्ट, मध्ये रफार, आणि तो रफार पुन्हा ट वर. दुसरीतलं मूल एका वेळी एक जोडाक्षर सोडवतं. इथे दोन सोडवेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरलेली असते. एकाने "सटारटर" वाचलं. "ट्रॅक्टर" ही तसाच जड आहे, पण तो मुलांनी चटकन वाचला. कारण पहिलं अक्षर बघून अंदाज केला, पुढचं वाचलंच नाही. "फ्यूज" ला मात्र तसा अंदाज चालला नाही.

उपाय सोपा आहे आणि तुमच्या गोष्टीत तो आधीच आहे. "टार्टर" आधी येतो, आबांच्या तोंडी. त्यात एकच जोडाक्षर. तो दोनदा येऊ द्या. कान तयार झाला की डोळ्याला "स्टार्टर" सोपा जातो. म्हणून आबांची बोली काढू नका, ती वाचनाची पायरी आहे.

दुसरी अडचण मला आधी दिसली नव्हती. गोष्ट संपल्यावर विचारलं, "काय कळलं?" तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "सगळे इंग्रजी शब्द आपल्याकडूनच गेलेत." चार-पाच जणांनी माना डोलावल्या! नऊ शब्द तिकडून आले आणि एक इकडून गेला, हे त्यांना वेगळं दिसलंच नाही. शेवटचा शब्द एवढा गोड आहे की आधीचे नऊ झाकून टाकतो. तिथे एक वाक्य हवं.

मग तुमचाच गृहपाठ दिला. उद्या शब्द येतील.

व्याकरणनिष्ठ

मी मुख्याध्यापकांच्या बाजूने. भित्तिपत्रकावर "हिरीवर", "टार्टर" छापलं की मुलं तसंच लिहितात. मी तीस वर्षं पेपर तपासले. "नंबर" ला "लंबर" लिहिलेलं पाहिलंय, "स्टेशन" ला "ठेसन". घरी ते बोलतातच, शाळेने तरी शुद्ध दाखवावं. निवेदन प्रमाण आहे ते छान आहे, संवादही तसेच करा.

जुनी_वही

@व्याकरणनिष्ठ, पेपरात "लंबर" लिहू नये याबद्दल आपलं भांडण नाही. पण आबा चुकतात असं मला वाटत नाही. का ते सांगतो.

शब्दाच्या सुरुवातीला स आणि त्याला चिकटून ट, क, थ असा जोड आला की गावातलं तोंड तो सोडवतं. सोडवायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे आधी स्वर लावायचा: स्टोव्हचा इस्टो, स्कूलचं इस्कूल. दुसरी म्हणजे स टाकूनच द्यायचा: स्टार्टरचा टार्टर, स्टेशनचं ठेसन. इंग्रजी येत नाही म्हणून हे होतं असं आपण समजतो. पण संस्कृत शब्दांचंही याच तोंडाने हेच केलंय. स्त्रीची जुन्या मराठीत अस्तुरी झाली, म्हणजे आधी स्वर लावला. स्थानाचं ठाणं झालं, म्हणजे स गेला आणि थ चा ठ झाला. ठाणे शहराचं नाव त्याच वाटेने आलंय. आपण रोज पोलीस ठाणं लिहितो, त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही.

ठाणं आणि ठेसन शेजारी ठेवून बघा. आबांनी स्टेशनला तेच केलं, जे त्यांच्या पूर्वजांनी स्थानाला केलं होतं. एक कोशात गेलं, दुसरं अजून बाहेर उभं आहे.

व्याकरणनिष्ठ

ठाण्याचं उदाहरण माझ्या लक्षात आलं नव्हतं. संवादात राहू द्या मग. पण समाधानने वहीत "स्टार्टर" लिहिलंय ते अजिबात बदलू नका. कानाने टार्टर ऐकून हाताने स्टार्टर लिहिणारा मुलगा मला हवा आहे.

भीमाकाठ

तो तसाच राहणार, शब्द देते.

मेधा_वसई

धाग्यावर उशिरा आले. @रोहिणी_क, बशीचं मला नक्की सांगता येणार नाही. पण इंग्रजी वाटणाऱ्या आणि नसणाऱ्या शब्दांची यादी आमच्या वसईत दारोदारी सापडते, कारण इथे पोर्तुगीज होते. पाव, बटाटा, बादली, चावी, पगार, मेस्त्री, काजू, कोबी हे सगळे पोर्तुगीज. इस्पितळसुद्धा. लोक ते इंग्रजी हॉस्पिटलचं बिघडलेलं रूप समजतात. प्रत्यक्षात तो पोर्तुगिजांकडून आलेला वेगळा पाहुणा आहे. हॉस्पिटल नंतर आलं, आणि आता दोघं एकाच घरात राहतात.

म्हणून समाधानच्या यादीतल्या "बटण" कडे एकदा बघा. पोर्तुगीज बोतांव आणि इंग्रजी बटन, दोन्ही जवळ आहेत. शर्टाचं बटण आपल्याकडे आधी कोणी आणलं यावर मी पैज लावणार नाही. मोटर चालू करायचं बटण मात्र वीज आल्यानंतरचं, म्हणून ते इंग्रजीच्या काळातलं असं म्हणता येईल. पण शब्द आधीपासून असेल तर नुसता अर्थ वाढला.

निरंजन_द

मग बटण काढून टाका. मुलांच्या गोष्टीत शंकेचा शब्द कशाला?

मेधा_वसई

काढलंत तरी चालेल. मी असते तर ठेवलं असतं. मुलाला बटण इंग्रजी वाटतं, आणि गोष्ट त्याच्या नजरेतून आहे.

काळीशार

आमच्या गावात "बोर" वरून रोज गोंधळ होतो. मुलं म्हणतात बोरं वेचायला जाऊ, म्हातारी म्हणते बोर मारलाय तिथं जाऊ नका. एक बोर झाडाला, एक जमिनीत. समाधानला हा शब्द द्या की!

पाऊलवाट

झाडाला लागलेल्या बोराला पाणी लागतं, आणि जमिनीतल्या बोराला पाणी लागावं म्हणून नवस. :D

तिसरा_बाक

मी १९७० च्या दशकात शिकलो. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून ते २००० साली आलं, माझ्या मुलांच्या वेळी. त्यामुळे पाचवीचं पुस्तक उघडताना आम्ही दहा वर्षांचे होतो आणि प्रचंड घाबरलो होतो. पहिल्या तासाला गुरुजींनी पुस्तक बंद करायला लावलं आणि विचारलं, "एसटीने येताना कंडक्टर घंटी किती वेळा मारतो?" आम्ही म्हणालो, एकदा मारली की थांबते, दोनदा मारली की निघते. गुरुजी म्हणाले, "त्याला काय म्हणतो तो?" "सिंगल बेल, डबल बेल." "झालं. तीन शब्द आले. कंडक्टर चौथा." माझी भीती त्या दिवशी निम्मी गेली. त्या गुरुजींची आठवण आली म्हणून लिहिलं.

आणखी एक. गावात "लाईट" म्हणजे वीज. शहरातला पाहुणा "लाईट लावा" म्हणतो, आपण "लाईट आली" म्हणतो. "मोटर" चंही तसंच. मुंबईचा माणूस मोटार म्हटलं की गाडी समजतो, आपल्याला विहीर दिसते. समाधानने लिहिलेले शब्द तिकडचे असले तरी त्यांचा अर्थ आबांनी बदललेला आहे. हे गोष्टीत येईल का?

भीमाकाठ

@तिसरा_बाक, लाईटचं मला फार आवडलं. पण सातशे शब्दांच्या वर गेले तर भित्तिपत्रकावर मावणार नाही. एक ओळ करून बघते.

लेस्टरकर

मी इंग्लंडात असतो. मुलगा सहा वर्षांचा आहे, मराठी बोलतो पण वाचत नाही, म्हणून मी वाचून दाखवली. त्याच्यासाठी गोष्ट उलटी झाली. मंगूस त्याला शाळेतून माहीत होता, मुंगूस पहिल्यांदा ऐकला. तो म्हणाला, "आजोबांनी आपला वर्ड घेतला." मी म्हणालो, आधी आपण घेतला होता. बराच वेळ विचार करून त्याने विचारलं, "मुंगसाला माहितीये का तो इंग्लिश आहे?"

आबांच्या शेवटच्या वाक्यावर मात्र त्याने मला पकडलं. इथे विषारी साप एकच, ॲडर. "मग मंगूस कशाला आला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाक्य बदलू नका, आबांना हे माहीत असायचं कारण नाही.

आणि तुमच्या धाग्यासाठी एक शब्द. इथे लहान मुलांच्या पलंगाला कॉट म्हणतात, माझा मुलगा त्यातच झोपायचा. ती आपली खाट आहे. हिंदुस्थानातून गेली, इंग्रजी झाली आणि आता पुण्यात माझी आई दवाखान्यात "कॉट मिळाली का" विचारते. तिच्या आईच्या घरात खाटच होती.

जुनी_वही

कॉट बरोबर आहे. हिंदीतल्या खाटेवरून गेली असं कोश सांगतात. गेली, कपडे बदलून परत आली, आणि आता आपण तिला पाहुणी समजतो.

सतीश_मास्तर

मुलांचे शब्द आले. बहुतेक अपेक्षित होते: मोबाईल, चार्जर, बॅट, बॉल, बिस्कीट. तीन घरांतून "पगार" आला आणि दोन घरांतून "चावी". मेधाताई, तुमचं वाचलेलं होतं म्हणून वाचलो, नाहीतर मी बरोबरची खूण केली असती. मी मुलांना सांगितलं, हे तिसऱ्याच देशातून आलेत. नकाशावर पोर्तुगाल दाखवला. एका मुलाने विचारलं, "तिथं पण लोक पगाराची वाट बघतात का?" हो म्हणालो.

एका मुलाने दहाच्या जागी एकच शब्द आणला. "पंक्चर." त्याच्या वडिलांचं दुकान आहे. बाकीचे कुठे, विचारलं तर म्हणाला, "दुकानात सगळंच इंग्रजी हाय, कुठलं लिहू?" मग तोंडी सांगायला लावलं. ट्यूब, वॉल, पंप, सोल्युशन, स्पोक, रिम, चेन, पाना... "पाना" वर थांबला आणि स्वतःच म्हणाला, "हा न्हाय वाटत." बरोबर की चूक मला ठाऊक नाही, पण थांबला हे मला महत्त्वाचं वाटलं.

भीमाकाठ

दोन जागा नव्याने लिहिल्या. आधी विहिरीवरची:

*"तू तिथंच बांधावर थांब. पेटीला हात लावायचा न्हाय," आबा म्हणाले. "तिथनं दिवं मोज." पेटीवर दिवे होते. लाल, पिवळा. समाधान ओरडला, "आबा, दोनच!" आबा म्हणाले, "मग लाईट आली न्हाय पुरती. टार्टर उचलायचा न्हाय." थोड्या वेळाने निळा दिवा लागला. टार्टर खटकन उचलला. पाईप थरथरला आणि पाणी आलं.*

*"आबा, लाईट इंग्रजी आहे का? बाई म्हणाल्या लाईट म्हणजे उजेड."*

*"उजेड नव्हं," आबा म्हणाले. "लाईट म्हंजी पाणी."*

आता शाळेतली:

*"बाई, हे तर आपलंच!"*

*"मुंगूस इथून तिकडे गेलं," बाई म्हणाल्या. "आणि समाधानचे बाकीचे नऊ?"*

*समाधानने वहीत बघितलं. "ते तिकडून आले."*

*"मग किती आले आणि किती गेले?"*

*"नऊ आले, एक गेला," वर्ग म्हणाला.*

बटण ठेवलं आहे. बोर नाही बसला, माफ करा. शेवट आबांचाच आहे.

काळीशार

"लाईट म्हंजी पाणी." हे माझ्या वडिलांनी म्हटलं असतं. आता काही बदलू नका.

व्याकरणनिष्ठ

"नऊ आले, एक गेला" यात गणितही झालं. चांगलं आहे.

निरंजन_द

"इथून" ठेवलंत, आभार.

सतीश_मास्तर

नवा मसुदा आज वाचला. "नऊ आले, एक गेला" हे मुलांनी बाईंच्या आधीच म्हटलं, त्यामुळे ती अडचण सुटली. "स्टार्टर" ला अजून दोघं अडतात, पण टार्टर तीनदा आल्याने बाकीचे सुटले.

मधल्या सुट्टीत तिसरीतली तीच मुलगी आली. म्हणाली, "गुरुजी, घोरपडीला इंग्रजीत काय म्हणतात?" मी सांगितलं, मॉनिटर लिझर्ड. तिचा चेहरा पडला. "म्हणजे घोरपड नाही गेली?" मी म्हणालो, नाही, ती इथेच राहिली. ती जरा थांबली आणि म्हणाली, "बरं झालं. आमच्या विहिरीत आहे ती."